मेल "गायब" होतोय? फोल्डर, लेबल आणि कप्प्यांची गर्दी: सोप्यापासून अवघडाकडे तपासणी

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली एमआयडीसी, गोकुळ शिरगाव या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांची कॉम्प्युटरची कामं मी बघतो. प्रिंटरच्या खालोखाल सगळ्यात जास्त फोन येतात ते "आवं, मेल गायब झालाय, काल तर बघितलेला की" असे. आणि जवळजवळ दर वेळी मेल कुठं गेलेला नसतो. एक तर तो भलत्याच कप्प्यात पडलेला असतो, नाहीतर कुणीतरी "डबल दिसतोय" म्हणून तो उडवलेला असतो. सगळ्यांना तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी जीमेल आणि आउटलुक धरून लिहितोय, कारण आपल्याकडं बहुतेक ठिकाणी मेल जीमेलचा असतो आणि तो उघडला जातो आउटलुकमध्ये, आणि निम्मी भानगड तिथंच आहे.

लक्षणं

यातलं काही होत असेल तर पुढं वाचा:

- पार्टी म्हणते मेल पाठवला, इनबॉक्समध्ये दिसत नाही, पण चार दिवसांनी भलतंच काहीतरी शोधताना अचानक सापडतो.
- मोबाईलवर एक दिसतं आणि ऑफिसच्या पीसीवर दुसरंच.
- आउटलुकमध्ये एकच मेल दोन-तीन फोल्डरमध्ये दिसतो.
- एका फोल्डरमधनं डिलीट केला तर दुसऱ्यातनं पण गेला.
- मेल कुठं ठेवायचा यावर ऑफिसात दोन मतं असतात, आणि शेवटी तो "इम्पॉर्टंट"मध्ये जातो.
- "इम्पॉर्टंट", "इम्पॉर्टंट १" आणि "इम्पॉर्टंट नवीन" असे तिन्ही कप्पे आहेत. हे असेल तर बाकीची लक्षणं बघायची गरजच नाही.

पहिलं: सगळीकडं शोधा (फुकट, दोन मिनिटं)

आधी मेल आहे की खरंच नाही हे ठरवायचं, कारण नसलेला मेल आणि हरवलेला मेल यांचे उपाय एकदम वेगळे आहेत. ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, आउटलुक नको, आणि शोधायच्या चौकटीत हे टाका:

```
in:anywhere from:(@example.com) filename:pdf
```

example.com च्या जागी पार्टीचं डोमेन घाला. `in:anywhere` महत्त्वाचं आहे, कारण साधा सर्च स्पॅम आणि ट्रॅशमध्ये बघत नाही. मेल सापडला की त्याच्या विषयाच्या शेजारी बारीक अक्षरात कप्प्याचं नाव असतं ते वाचा, तिथंच निम्मं उत्तर मिळतं. ट्रॅशमध्ये असेल तर लगेच बाहेर काढा, कारण ३० दिवसांनी तो तिथनं आपोआप कायमचा पुसला जातो.

नंबर शोधताना एक काळजी घ्या. जीमेल शब्दाचा तुकडा शोधत नाही. मेलमध्ये पर्चेस ऑर्डरचा, म्हणजे पीओचा नंबर "PO4512" असा सलग लिहिलेला असेल आणि तुम्ही नुसतं 4512 टाकलं तर तो येणारच नाही, आणि तुम्ही समजणार मेल नाही. दोन्ही प्रकारे शोधा.

आउटलुकमध्ये शोधत असाल तर सर्चच्या चौकटीशेजारी `Current Folder` लिहिलंय का बघा, ते `All Mailboxes` करा. इनबॉक्स सोडून दुसऱ्या फोल्डरमध्ये उभं राहून शोधलं की आउटलुक सहसा तेवढ्याच फोल्डरमध्ये बघतो. निम्मे फोन इथंच मिटतात.

दुसरं: फिल्टर बघा (फुकट, पाच मिनिटं)

जीमेलच्या सेटिंगमध्ये `Filters and Blocked Addresses` उघडा. कधीतरी कुणीतरी हौसेनं फिल्टर लावलेला असतो, तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, फिल्टर मात्र इमानदारीत चालू असतो. त्यात `Skip the Inbox` असेल तर मेल इनबॉक्सला न शिवता थेट कप्प्यात जातो. आपला नियम सरळ आहे: जाहिराती आणि बँकेचे रोजचे अलर्ट सोडले तर गिऱ्हाइकाच्या कुठल्याच मेलला ही टिक नको. लेबल लागू दे की, पण मेल इनबॉक्समध्ये दिसू दे.

याच पानावर तुम्ही न केलेला फिल्टर दिसला, म्हणजे "पेमेंट", "बँक", "इनव्हॉइस" असे शब्द असलेला मेल परस्पर डिलीट करणारा किंवा अनोळखी पत्त्यावर फॉरवर्ड करणारा, तर पुढचं काही वाचू नका, थेट शेवटच्या भागात जा.

तिसरं: तुमच्याकडं फोल्डर आहेत की लेबल?

हे फुकट आहे, पण डोकं जरा शांत ठेवून वाचायला लागतं.

फोल्डरमध्ये मेल एकाच ठिकाणी असतो. "पीओ"मध्ये टाकला तर "ड्रॉइंग"मध्ये नसतो, दोन्हीकडं पाहिजे असेल तर कॉपी करावी लागते, आणि मग त्या खरोखरच दोन वस्तू होतात. लेबलचं तसं नाही. लेबल म्हणजे मेलला दिलेलं नाव. घरात बाळू, शाळेच्या दाखल्यावर बाळासाहेब, तालमीत बाळ्या, माणूस एकच. २००४ ला जीमेल आलं तेव्हापासून त्याच्यात असंच आहे, आणि इनबॉक्स हे पण एक लेबलच आहे. आर्काइव्ह केलं म्हणजे फक्त इनबॉक्सचं लेबल काढलं, मेल `All Mail`मध्ये जिथल्या तिथं.

आता घोळ कसा होतो बघा. आउटलुकला लेबल ही भानगड माहीत नाही. आयमॅपनं, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून आउटलुकमध्ये दाखवणाऱ्या जोडणीनं, जीमेल जोडला की प्रत्येक लेबल त्याला फोल्डर म्हणून दिसतं, म्हणजे तीन लेबलं असलेला मेल तीन फोल्डरमध्ये तीनदा दिसतो. मग एखाद्या निवांत शनिवारी अकाउंटवाल्या ताई साफसफाईला बसतात, "हे डबल-डबल कशाला" म्हणून एका फोल्डरमधनं डिलीट करतात, आउटलुक तो मेल ट्रॅशमध्ये पाठवतो, आणि ट्रॅशमध्ये गेला की बाकीची सगळी लेबलं पण त्याच्याबरोबर गेली. ताईंचा यात काही दोष नाही, त्यांना समोर तीन मेल दिसत होते.

उलटं पण होतं. आउटलुकमध्ये मेल इनबॉक्समधनं ओढून "पीओ"मध्ये टाकला की जीमेलच्या भाषेत त्याचा अर्थ "पीओ लेबल लाव आणि इनबॉक्सचं काढ". मालक गाडीत बसून मोबाईलवर इनबॉक्स बघतात, मेल नाही, की लागला मला फोन.

तुमच्याकडं नक्की काय होतं ते सेटिंगप्रमाणे बदलतं, त्यामुळं कुणाचं ऐकू नका, करून बघा. स्वतःलाच एक टेस्ट मेल पाठवा, ब्राउझरमध्ये त्याला दोन लेबलं लावा, आउटलुकमध्ये दोन ठिकाणी दिसतोय का बघा, एका ठिकाणचा डिलीट करा आणि पुन्हा ब्राउझरमध्ये `in:anywhere` लावून तो कुठं गेला ते बघा. दहा मिनिटं लागतात, पण त्यानंतर ऑफिसात डिलीट बटणावरनं वाद होत नाहीत.

आणखी एक, आणि हे सगळ्यात धोक्याचं. आउटलुकच्या डाव्या बाजूला खाली कुठंतरी `This computer only` किंवा वेगळ्या डेटा फाईलखाली फोल्डर केलेत का बघा. तिथं ओढलेला मेल सर्व्हरवरनं निघून त्या एका पीसीच्या डिस्कवर बसतो. मोबाईलवर दिसत नाही, दुसऱ्या पीसीवर दिसत नाही, आणि डिस्क गेली की मेल गेला. असे फोल्डर सापडले तर त्यातले मेल पुन्हा मेन अकाउंटखालच्या फोल्डरमध्ये ओढून न्या, एकदम सगळे नको, दोनशे-तीनशेच्या गठ्ठ्यानं, आणि प्रत्येक गठ्ठा ब्राउझरमध्ये दिसला की मगच पुढचा.

चौथं: कप्पे जास्त झालेत का?

इथपर्यंतच्या तपासण्यांनी हरवलेला मेल सापडतो. पण पुढच्या महिन्यात पुन्हा फोन येऊ नये म्हणून हे बघावंच लागतं, कारण मूळ दुखणं इथं आहे.

लोक विचारतात, किती कप्पे म्हणजे जास्त? ठरलेला आकडा असा नाही. पण ओळखायची एक पद्धत मी सगळीकडं वापरतो. आलेल्या मेलपैकी कुठलेही वीस घ्या, नुसती विषयांची यादी कागदावर लिहा, आणि मेल हाताळणाऱ्या दोघांना वेगवेगळं बसवून प्रत्येकापुढं कप्पा लिहायला सांगा, एकमेकांचं बघायचं नाही. वीसपैकी एक-दोन ठिकाणी फरक पडला तर ठीक. चार-पाच ठिकाणी पडला तर तुमचे कप्पे एकमेकांत घुसलेत, आणि मेल शोधताना पण तोच माणूस पाहिजे ज्यानं तो ठेवला. तो रजेवर गेला की काम थांबलं.

शिरोलीतल्या एका मशीन शॉपचं सांगतो, नाव सोडून द्या. ते पुण्याच्या कंपन्यांना कास्टिंग मशीनिंग करून देतात. जीमेलमध्ये लेबलं ५८. त्यात पार्टीच्या नावाची ३१, वर्षांची ६, कामाच्या प्रकाराची १४, आणि उरलेली ७ म्हणजे "साहेब", "पेंडिंग", "इम्पॉर्टंट" आणि त्याची भावंडं. झालं असं की एका पार्टीनं ड्रॉइंगची नवी रिव्हिजन पाठवली, पण जुन्या एन्क्वायरीच्या मेललाच रिप्लाय करून. विषय तोच, "RE: RE: Enquiry". एकानं तो विषय बघून "एन्क्वायरी"ला लावला आणि इनबॉक्समधनं काढला. शॉपफ्लोअरवरच्या माणसानं "ड्रॉइंग" उघडलं, तिथं जुनी रिव्हिजन होती, त्यानं तीच प्रिंट मारली. बोअरचा टॉलरन्स बदललेला होता, लॉट रिजेक्ट. मेल तर दोन क्लिकवर होता की, पण तिथं बघायचं हेच कुणाला सुचलं नाही.

मग आम्ही प्रत्येक लेबलला एकच प्रश्न विचारला: हा कप्पा उघडून कुणी काम करतं का, की नुसतं मेल ठेवायला आहे? उत्तर काय निघालं ते बघा.

पार्टीच्या नावाचा कप्पा बहुतेक वेळा फुकट जागा अडवतो, कारण `from:` टाकून तोच गठ्ठा समोर येतो. ३१ पैकी २ ठेवले. त्या दोन पार्ट्यांचं काम असं की मेल तीन-चार वेगळ्या डोमेनवरनं येतात, त्यांचा ट्रान्सपोर्टवाला वेगळा, बाहेरची इन्स्पेक्शन एजन्सी वेगळी, तिथं पाठवणाऱ्यावरनं शोधून भागत नाही.

वर्षांचे सहाही कप्पे काढले. तारीख मेलवर असतेच. सीएला आर्थिक वर्षाचे मेल द्यायचे असतील तर एवढं बास:

```
label:gst after:2024/04/01 before:2025/04/01
```

कामाच्या प्रकारातले १४ कुस्करून ५ केले: पीओ, ड्रॉइंग, क्वालिटी, हिशेब, जीएसटी. एन्क्वायरी, कोटेशन आणि पीओ हे आधी तीन वेगळे होते, पण एकाच मेलच्या साखळीत एन्क्वायरीचं कोटेशन होतं आणि कोटेशनची पीओ होते, मग साखळी मध्येच कापणार कुठं? तिन्ही "पीओ"मध्ये गेले. ड्रॉइंग मात्र वेगळं ठेवलं, कारण ते उघडणारा माणूस वेगळा आहे आणि त्याला बाकी काही बघायचं नसतं. शिवाय स्कॅन केलेल्या ड्रॉइंगमधला मजकूर सर्चला सापडेलच याची खात्री नाही, तिथं हातानं लावलेलं लेबलच कामाला येतं.

उरलेल्या ७ चं एकच झालं, "उत्तर बाकी". उत्तर दिलं की ते काढायचं. पाच, दोन आणि एक, एकूण आठ. ती रिव्हिजनवाली मेल आता आली तर तिला "पीओ" पण लागतं आणि "ड्रॉइंग" पण, हा लेबलचा खरा फायदा. साखळीबाबत मात्र एक लक्षात ठेवा: जीमेलमध्ये लेबल प्रत्येक मेलला लागतं, अख्ख्या साखळीला नाही. पहिल्या मेलला लावलं म्हणून पुढच्या रिप्लायला ते लागेलच असं धरून चालू नका. त्यामुळं ड्रॉइंग जोडलेला नवा रिप्लाय आला की तो उघडून लेबल पुन्हा लावायचं, हा नियम त्यांच्याकडं भिंतीवर चिकटवलाय.

तुमच्याकडं खरे फोल्डर असतील, म्हणजे जीमेल नसलेला कंपनीचा मेल, तर हिशेब आणखी कडक. मेल एकाच जागी राहणार म्हटल्यावर वाटणी एकाच पद्धतीनं पाहिजे, एकतर पार्टीप्रमाणे नाहीतर कामाप्रमाणे, दोन्ही एकत्र केलंत की प्रत्येक मेलला दोन घरं तयार. मी कामाप्रमाणे म्हणतो, कारण पार्टी सर्चनं सापडते. दुसरं नाव पाहिजेच असेल तर आउटलुकमध्ये रंगीत `Categories` आहेत, त्या लेबलसारख्या चालतात, पण त्या मोबाईलवर दिसतील याची खात्री आधी करा.

आणि ज्यांना वाटतं फोल्डर जितके जास्त तितकं लवकर सापडतं, त्यांच्यासाठी: २०११ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी ३४५ जणांनी जुने मेल कसे शोधले ते मोजलं होतं, फोल्डरमधनं शोधायला सरासरी जवळपास मिनिट लागलं आणि सर्चनं १७ सेकंद.

पाचवं: कप्पे एकत्र करा (फुकट, पण अर्धा दिवस जातो)

आधी बॅकअप, हे टाळू नका. गूगल टेकआउटवरनं मेल उतरवून घ्या, त्या फाईलमध्ये कुठल्या मेलला कुठलं लेबल होतं ते पण नोंदलेलं असतं. मग सगळं काम ब्राउझरमध्ये, आउटलुक बंद करून. जुनं लेबल असं शोधा, नावातल्या जागेच्या ठिकाणी डॅश:

```
label:imp-1
```

वरच्या चौकोनावर टिक करा. ती फक्त समोरच्या पानापुरती असते, म्हणून वर येणारी `Select all conversations that match this search` ही ओळ पण दाबा, बरेच जण इथं चुकतात आणि पन्नासच मेल हलतात. नवीन लेबल लावा. दोन-चार मेल उघडून नवीन लेबल लागलंय का बघा, आणि मगच सेटिंगमधल्या `Labels`मधनं जुनं लेबल काढा. जीमेलमध्ये लेबल काढलं तरी मेल राहतात. आउटलुकमधल्या खऱ्या फोल्डरला मात्र हे लागू नाही, तिथं फोल्डर डिलीट केला की आतले मेल पण त्याच्याबरोबर जातात, म्हणून आधी फोल्डर रिकामा करायचा.

झाल्यावर `Labels`मध्येच `Show in IMAP` अशी टिक असते. जी लेबलं फक्त ब्राउझरवाल्याला लागतात त्यांची ती काढा, म्हणजे आउटलुकमध्ये डबल-तिबल दिसणं कमी होतं आणि साफसफाईचा मोह पण.

शेवटी आठवड्यातनं एकदा हे टाकून बघा, कप्पा न लागलेले मेल समोर येतात:

```
in:inbox has:nouserlabels
```

यात थोडे मेल उरणारच, उरू देत. प्रत्येक मेलला कप्पा पाहिजेच असा हट्ट धरला की पुन्हा "इतर" आणि "इतर १" जन्माला येतात.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

अनोळखी फिल्टर किंवा फॉरवर्डिंग सापडलं तर अकाउंटमध्ये कुणीतरी शिरलंय असंच धरा. असे लोक गप्प बसून बिलाचे मेल वाचतात आणि मग पार्टीला तुमच्या नावानं नवीन बँक खातं कळवतात. फिल्टरचा स्क्रीनशॉट घ्या, दुसऱ्या स्वच्छ मशीनवरनं पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, पार्ट्यांना फोन करून, मेल नव्हे, फोन करून सांगा की खातं बदललेलं नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, दुपारचं जेवण नंतर.

आउटलुक डेटा फाईल उघडत नाही, किंवा उघडताना एरर देतो असं झालं, आणि मेल फक्त त्याच फाईलमध्ये आहेत, तर रिपेअरची बटणं दाबत बसू नका. आधी ती फाईल जशी आहे तशी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि मग जाणकाराकडं द्या. डिस्कच आवाज करत असेल तर कॉपीचा पण प्रयत्न नको, पीसी बंद करा.

ट्रॅशमधनं पण पुसला गेला असेल आणि कंपनीचं पैसे भरून घेतलेलं गूगल वर्कस्पेस असेल तर ॲडमिनला आजच गाठा, त्याला पुसल्यापासून २५ दिवसांपर्यंत मेल परत आणता येतो, २६ व्या दिवशी त्याच्याही हातात काही नसतं. साधं फुकटचं जीमेल असेल तर ती सोय धरून चालू नका, पार्टीला फोन करा आणि मेल परत पाठवायला सांगा, त्यांच्या सेंटमध्ये तो असतोच.